प्रोजेक्टरवर लॅपटॉप दिसत नाही (रविवारी कार्यक्रम आहे, मदत हवी)

सड्यावरची · शुक्रवार, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी कातळशिल्पांवर स्लाइड शो ठेवलाय. बोलणार मीच आहे. बारसू, देवाचे गोठणे, कशेळीचा हत्ती, सगळे फोटो तयार आहेत. माणसं बोलावून झाली, चहाचं दूध सांगून झालं, आणि आज चाचणी घ्यायला गेले तर भिंतीवर काहीच दिसेना.

प्रोजेक्टर जुना आहे, देणगीत मिळालेला. छताला टांगलाय आणि त्याची निळ्या टोकाची व्हीजीए केबल भिंतीवरून खाली टेबलापर्यंत आणलीय, दहाएक मीटर असेल. लॅपटॉप भाचीचा, अगदी नवा. त्याला व्हीजीएची जागाच नाही, म्हणून बाजारातून एचडीएमआयचं व्हीजीए करणारा अडॅप्टर आणला. F8 वर दोन स्क्रीनचं चित्र आहे, ते बटण Fn धरून दाबलं, न धरताही दाबलं. सेटिंगमध्ये लॅपटॉप दोन डिस्प्ले दाखवतो, म्हणजे लॅपटॉपची बाजू ठीक आहे. मग प्रोजेक्टरच गेला असं समजायचं का? भाड्याने आणायचा तर रत्नागिरीला आजच फोन करायला हवा.

चाकरमानी_डोंबिवली · रात्री ८:५५

ताई, क्रम चुकतोय. आधी प्रोजेक्टर चालू करायचा, मग केबल लावायची, मग लॅपटॉप रिस्टार्ट. आमच्या ऑफिसात दर सोमवारी हेच नाटक असतं आणि रिस्टार्ट केलं की येतं. तरी नाही आलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा. शंभरातल्या नव्वद वेळा ड्रायव्हरच असतो.

जुना_सोल्डर · रात्री ९:१०

भाड्याचा फोन अजून करू नका.

मला एकच सांगा, भिंतीवर नेमकं काय लिहून येतं? 'काहीच दिसत नाही' असं सगळेच म्हणतात, पण प्रोजेक्टर सहसा काहीतरी बोलत असतो. निळी पाटी येते का, त्यावर इंग्रजीत काय आहे, ते जसंच्या तसं लिहा. आणि रिमोटचं मेनू बटण दाबल्यावर प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू भिंतीवर उमटतो का?

डोंबिवलीकर, रिस्टार्टचा सल्ला अगदीच वाया नाही. जुने लॅपटॉप चालू होतानाच बाहेरची स्क्रीन शोधायचे, तिथे तो क्रम खरोखर लागायचा. आता केबल लावली की लॅपटॉपला आपणहून कळतं. ड्रायव्हरला मात्र मी सगळ्यात शेवटी हात लावेन. लॅपटॉपवर दुसरा डिस्प्ले दिसतोय म्हणजे ड्रायव्हर काम करतोय.

सड्यावरची · रात्री ९:२५

निळ्या पाटीवर "No Signal" येतं, वरच्या कोपऱ्यात "Computer 2" असं लिहिलेलं असतं. मेनू छान उमटतो.

जुना_सोल्डर · रात्री ९:४०

झकास. मेनू उमटतो म्हणजे दिवा, भिंग, आतलं यंत्र सगळं जिवंत आहे. प्रोजेक्टर गेलेला नाही, तो वाट बघतोय. "No Signal" म्हणजे 'माझ्या या भोकापर्यंत काहीच पोचलं नाही'. बिघाड लॅपटॉपच्या आणि त्या भोकाच्या मध्ये कुठेतरी आहे, किंवा प्रोजेक्टर चुकीच्या भोकाकडे डोळे लावून बसलाय.

'लॅपटॉप दोन डिस्प्ले दाखवतो म्हणजे लॅपटॉपची बाजू ठीक' हे मात्र पक्कं धरू नका. बरेचसे स्वस्त अडॅप्टर स्वतःच लॅपटॉपला सांगतात की मी पडदा आहे. पलीकडे व्हीजीए केबल लावलेली नसली तरी लॅपटॉपला दुसरा डिस्प्ले दिसतो. आता अडॅप्टर लॅपटॉपमध्ये ठेवून त्यातून व्हीजीए केबल उपसून बघा. तरीही दोनच डिस्प्ले दिसले, तर लॅपटॉपला दिसतोय तो अडॅप्टर, प्रोजेक्टर नव्हे.

उद्या दिवसाउजेडी शिडी लावा आणि केबल प्रोजेक्टरच्या नेमक्या कोणत्या भोकात आहे ते वाचा. रिमोटवरचं सोर्स बटण दाबून तेच नाव भिंतीवर आणा. F8 चं नंतर बघू.

तारकर्लीचो_बाबल्या · रात्री ९:५८

आमच्याकडे पण असांच झालां होतां! भिंतीर सगळां दिसतां, माउस फिरतां, फोटो दिसतत, पण फोनावरच्या त्या पैशे भरून बघतत त्या ॲपातलो सिनेमा लावलो काय नुसतो काळोख. आवाज येतां, चित्र नाय. केबल तीन वेळा बदलली. ह्यावर काय उपाय?

जुना_सोल्डर · रात्री १०:०५

बाबल्याशेट, तुमचं दुखणं निराळं. ताईंचं काहीच पोचत नाही, तुमचं सगळं पोचतंय आणि सिनेमाच अडवला जातोय. अशा ॲपांच्या सिनेमाला नक्कल रोखणारं कुलूप असतं आणि त्याची किल्ली एचडीएमआयवरून दोन्ही टोकांना जुळावी लागते. मध्ये व्हीजीए आलं की किल्ली जुळत नाही आणि चित्र काळं होतं. केबल बिघडलेली नाही, हजार वेळा बदललीत तरी काळोखच राहील. एचडीएमआय असलेला प्रोजेक्टर आणि सरळ एचडीएमआय केबल एवढीच वाट आहे.

तारकर्लीचो_बाबल्या · रात्री १०:११

म्हणजे दोन केबलींचे पैशे गेले. बरां.

सड्यावरची · शनिवार, सकाळी १०:३०

शिडीवर चढले! मागे एकसारखी दिसणारी तीन निळी भोकं आहेत. 'कॉम्प्युटर १', 'कॉम्प्युटर २' आणि तिसऱ्यावर 'मॉनिटर आउट'. केबल तिसऱ्यात होती. मेमध्ये रंगकाम झालं तेव्हा रंगाऱ्याने सगळं काढून ठेवलं होतं, परत लावताना जे भोक हाताला लागलं त्यात खुपसलं असणार.

रात्री अडॅप्टरचंही करून बघितलं. केबल उपसली तरी लॅपटॉप दोन डिस्प्लेच म्हणतो! म्हणजे काल तासभर मी अडॅप्टरशी बोलत होते.

केबल आता 'कॉम्प्युटर १' मध्ये लावली आणि सोर्सही तोच केला. पण आता भिंतीवर "Out of Range" येतं. बिघडलं का जास्त?

जुना_सोल्डर · सकाळी १०:४४

अहो, अर्धं काम झालं! 'मॉनिटर आउट' ही प्रोजेक्टरमधून बाहेर जाणारी वाट असते, तेच चित्र दुसऱ्या मॉनिटरवर न्यायला. तिच्यातून आत काही येत नाही. भोकाचा आकार मात्र हुबेहूब तसाच, म्हणून हा घोळ फार होतो.

आणि "Out of Range" ही चांगली बातमी आहे. काल प्रोजेक्टर म्हणत होता 'काही आलंच नाही'. आज म्हणतोय 'आलं, पण मला झेपत नाही'. केबल, अडॅप्टर, भोक, सोर्स, लॅपटॉपचं आउटपुट, सगळी साखळी जोडली गेली. उरलाय फक्त आकाराचा प्रश्न. काही प्रोजेक्टर याच जागी "Not Supported" किंवा "Invalid Mode" लिहितात, अर्थ तोच.

प्रोजेक्टरचं स्वतःचं रेझोल्यूशन किती ते शोधा. पुस्तिका असेल, नाहीतर बुडाच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर घेऊन बघा.

चाकरमानी_डोंबिवली · सकाळी १०:५०

हे मला माहितेय! नव्या लॅपटॉपचे पडदे १२० हर्ट्झचे असतात, जुने प्रोजेक्टर ६० चे. लॅपटॉपचा पडदा ६० वर आणा, झालं.

सड्यावरची · सकाळी ११:२०

पुस्तिका वाचनालयाच्याच कपाटात निघाली. कोणीतरी तिच्यावर दाखल क्रमांक टाकून रीतसर शिक्का मारलाय, बागकामाच्या पुस्तकांत ठेवली होती. त्यात १०२४ × ७६८ लिहिलंय. लॅपटॉपचा पडदा २८८० × १८०० आणि हो, १२० हर्ट्झ. डोंबिवलीकरांचं ऐकून ६० केला. भिंतीवर तेच, "Out of Range".

मग Win+P दाबून "Second screen only" केलं, म्हटलं लॅपटॉपचा पडदाच नको मध्ये. तर लॅपटॉपही काळा झाला! आता दोन्हीकडे काही नाही. भाचीला फोन करायची हिंमत होत नाहीये.

जुना_सोल्डर · सकाळी ११:२६

घाबरू नका. अडॅप्टर लॅपटॉपमधून उपसा. दुसरा पडदा नाहीसा झाला की लॅपटॉप आपणहून स्वतःच्या पडद्यावर परत येतो. पाच-दहा सेकंद द्या.

सड्यावरची · सकाळी ११:२९

आला. हुश्श.

जुना_सोल्डर · सकाळी ११:५५

आता सावकाश वाचा, जरा लांब लिहितोय.

तुम्ही F8 दाबत होतात ते आणि Win+P एकच. लॅपटॉप बनवणारे ते चित्र कधी F4 वर देतात, कधी F7 वर, कधी F8 वर. Fn धरायचं की नाही हेही लॅपटॉपच्या सेटिंगवर असतं. Win+P विंडोजवर सगळीकडे सारखं, म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मी F च्या बटणांत शोधत बसतच नाही. चार पर्याय येतात. "PC screen only" म्हणजे फक्त लॅपटॉप, "Duplicate" म्हणजे दोन्हीकडे तेच, "Extend" म्हणजे भिंत ही टेबलाची वाढवलेली फळी, आणि "Second screen only" म्हणजे फक्त भिंत. शेवटचा पर्याय भिंतीवर चित्र दिसत असल्याशिवाय निवडायचा नाही, नाहीतर तुमच्यासारखा अंधार होतो.

बहुतेकजण "Duplicate" करतात आणि तुमच्यासारखी स्थिती असली की तिथेच अडकतात. त्यात विंडोज दोन्ही पडद्यांना जमेल असं एक रेझोल्यूशन निवडतं, आणि दुसऱ्या पडद्याला काय जमतं हे त्याला अडॅप्टर सांगतो. तुमचा अडॅप्टर बहुधा सांगतोय 'मला १९२० × १०८० द्या'. मग तेच भिंतीकडे जातं आणि जुना प्रोजेक्टर हात वर करतो.

म्हणून "Extend" करा. त्यात दोन्ही पडद्यांचं रेझोल्यूशन वेगवेगळं ठेवता येतं, लॅपटॉप आपल्या जागी स्पष्ट राहतो आणि भिंतीवर काही दिसत नसतानाही तुम्हाला सेटिंग दिसत राहते. Settings मध्ये System, मग Display. वरच्या दोन चौकोनांपैकी २ नंबरच्या चौकोनावर क्लिक करा. हे विसरलात तर लॅपटॉपचंच रेझोल्यूशन बदलाल. खाली Display resolution मध्ये 1024 × 768 निवडा. विंडोज विचारेल ठेवू का. भिंतीवर चित्र आलं तर "Keep changes", नाही आलं तर काहीच करू नका, पंधरा सेकंदांत जुनं परत येतं.

त्यानेही नाही आलं तर 800 × 600 करून बघा, तेवढं जवळपास प्रत्येक प्रोजेक्टरला झेपतं. आधी खालून चित्र मिळवायचं, मग वर चढायचं.

हर्ट्झचा मुद्दा चुकीचा नाही, पण डोंबिवलीकरांनी तो लॅपटॉपच्या पडद्याला लावला. बघायचा तो २ नंबरच्या डिस्प्लेचा, Advanced display मध्ये. तुमच्या अडॅप्टरवर तो बहुतेक ६० च असणार.

मास्तर_संगणककक्ष · दुपारी १२:१०

आमच्या शाळेच्या कक्षात विंडोज नाही, उबुंटू आहे, जुनी आवृत्ती. तिथे हेच काम टर्मिनलमधून होतं. पहिली ओळ जोडलेल्या पडद्यांची नावं दाखवते, दुसरीत ते नाव घालायचं.

```
xrandr
xrandr --output HDMI-1 --mode 1024x768
```

नव्या आवृत्तीत वेलँड असेल तर दुसरी ओळ चालत नाही, तिथे सेटिंगच्या खिडकीतूनच बदलावं लागतं. ताईंना याचा उपयोग नाही, पण शोधत कोणी मागाहून येईल म्हणून लिहून ठेवलं.

सड्यावरची · दुपारी १२:४०

आलं!!! हत्ती भिंतीवर उभा राहिला!!!

१०२४ × ७६८ केल्याबरोबर आलं. वाचनालयात मी एकटी आणि ग्रंथपाल, दोघांनी टाळ्या वाजवल्या. चित्र डाव्या अंगाला थोडं कापलेलं होतं, रिमोटवर 'ऑटो' लिहिलेलं बटण होतं ते दाबलं तर सरकून मध्ये आलं.

एकच कुतूहल. पुढच्या वेळी दुसरा वक्ता दुसरा लॅपटॉप घेऊन येईल. त्यालाही हे सगळं हाताने करावं लागणार का? प्रोजेक्टर स्वतःच का सांगत नाही लॅपटॉपला, की मी एवढाच आहे?

जुना_सोल्डर · दुपारी १:१५

अभिनंदन. आणि हा खरा प्रश्न विचारलात.

प्रोजेक्टर सांगत असतो. व्हीजीएच्या पंधरा पिनांतल्या काही पिना रंगांच्या असतात, दोन चित्र जागेवर ठेवायच्या, आणि १२ व १५ नंबरच्या दोन पिनांवरून प्रोजेक्टर आपलं नाव आणि झेपणारे आकार लॅपटॉपला कळवतो. या दोघींतली एक जरी तुटली तरी चित्र जायची वाट शाबूत राहते, पण ओळख पोचत नाही. मग काही अडॅप्टर स्वतःची ठरलेली ओळख पुढे करतात, आणि तुमच्यासारखी गंमत होते. काही स्वस्त केबलींत तर त्या दोन तारा आतून जोडलेल्याच नसतात.

केबलचं खालचं टोक, अडॅप्टरमध्ये जातं ते, मोबाइलच्या टॉर्चखाली धरून बघा. रुंद बाजू वर आणि पिना तुमच्याकडे. सगळ्यात खालच्या रांगेत डावीकडून दुसरी ती १२, उजवीकडची शेवटची ती १५. वाकलीय का, आत दबलीय का, हिरवट झालीय का बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात न वापरलेली टोकं हिरवी पडतातच. शेवटी वरचं टोकही बघा, पण खालचं जास्त मार खातं.

चाकरमानी_डोंबिवली · दुपारी १:२२

ताई, मधल्या रांगेत एक पिन गायब असेल तर केबल लगेच टाकून द्या, ती बाद झालेली असते. आमच्या ऑफिसातली एक तशीच होती.

जुना_सोल्डर · दुपारी १:२८

नका टाकू. मधल्या रांगेतली डावीकडून चौथी, म्हणजे ९ नंबरची पिन कित्येक केबलींत कारखान्यातूनच नसते. तिच्याविना चित्र बिनबोभाट चालतं. ऑफिसातली टाकली असेल तर उकिरड्यावरून परत आणा.

आगरातली_मीना · दुपारी १:४०

मध्येच विचारते, राग नसावा. आमच्या बचतगटाच्या प्रशिक्षणात प्रोजेक्टरवर सगळं गुलाबी-जांभळं दिसतं. कोकमाचं सरबत ठीक दिसतं म्हणा, पण कैरीही जांभळी! हीसुद्धा पिनच का?

जुना_सोल्डर · दुपारी १:४६

मीनाताई, हिरवा रंग पोचत नाहीये, म्हणून लाल आणि निळा मिळून जांभळं. वरच्या रांगेतली डावीकडून दुसरी पिन बघा, किंवा टोक भोकात तिरकं बसलंय का ते. दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळून घट्ट करा. केबल हलवताना रंग येऊन-जाऊन करत असेल तर तार आतून तुटलीय. लाल गेला तर चित्र निळसर-हिरवं होतं, निळा गेला तर पिवळं.

आगरातली_मीना · दुपारी ३:०५

स्क्रू सुटलेला होता. कैरी हिरवी झाली. 🙏

सड्यावरची · दुपारी ३:३०

१२ नंबरची पिन आडवी पडलीय! आणि ९ नंबरची नाहीच आहे (बरं झालं आधी सांगितलंत, नाहीतर तिच्यावरच ठपका ठेवला असता). बाकीच्या पिना थोड्या मळकट आहेत, हिरवं नाही.

सरळ करू का? कशाने? ग्रंथपाल म्हणतात खोबरेल तेल लावून सुईने उचलूया.

जुना_सोल्डर · दुपारी ३:४१

तेल अजिबात नको. धूळ धरून ठेवतं. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम, नसेल तर कोरडा मऊ ब्रश. पॉलिश पेपरने घासू नका, पिनेवरचा मुलामा जातो आणि मग ती पुढच्या पावसात आणखी लवकर सडते.

सरळ करायला शिसं काढलेली बारीक शिशाची पेन्सिल घ्या, बटण दाबून शिसं बाहेर येतं तसली. तिच्या टोकाची धातूची नळी पिनेवर चढवा आणि हळूच उभी करा. एकदाच करा. मागे-पुढे केलंत तर मोडणार. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप बंद करून मगच.

खरं सांगायचं तर उद्या कार्यक्रम आहे आणि चित्र येतंय. मी असतो तर आज हात लावला नसता.

सड्यावरची · दुपारी ४:२०

हात लावला. मोडली.

जुना_सोल्डर · दुपारी ४:२४

:)

चित्र येतंय ना अजून?

सड्यावरची · दुपारी ४:३०

येतंय. भाचीच्या लॅपटॉपला १०२४ × ७६८ लक्षातही राहिलंय, केबल काढून परत लावली तरी तेच येतं.

जुना_सोल्डर · दुपारी ४:५०

राहणारच. विंडोज त्या अडॅप्टरची ओळख धरून सेटिंग लक्षात ठेवतं. पण दुसऱ्या लॅपटॉपला ती आठवण नाही, तो पुन्हा १९२० × १०८० पाठवेल आणि पुन्हा "Out of Range" येईल. सवडीने दहा मीटरची नवी व्हीजीए केबल घ्या, पंधराही तारा जोडलेली. ती लावल्यावर Advanced display मध्ये २ नंबरच्या जागी अडॅप्टरच्या नावाऐवजी प्रोजेक्टरच्या कंपनीचं नाव दिसायला लागलं तर समजा ओळख पोचली. अडॅप्टर ओळख पुढे जाऊ देणारा नसेल तर मात्र नव्या केबलनेही हाताने करावं लागेल. ते लावल्यावरच कळेल.

आणि स्लाइडचा आकार बघितलात का?

सड्यावरची · दुपारी ५:०५

तेच विचारणार होते. स्लाइड रुंद आहेत, भिंतीवर वर-खाली काळे पट्टे येतात. ड्रोनने काढलेले फोटो तर अगदीच चिंचोळे दिसतात.

मास्तर_संगणककक्ष · दुपारी ५:३०

हे मी सांगतो. तुमची स्लाइड १६:९ आणि प्रोजेक्टर ४:३. १०२४ च्या रुंदीत ती बसली की उंची ५७६ च वापरली जाते, उरलेलं काळं. Design मध्ये Slide Size, तिथे Standard (4:3). मग दोन पर्याय येतात. "Maximize" केलंत तर फोटो मोठे होऊन कडेने कापले जातात, "Ensure Fit" केलंत तर पूर्ण राहतात पण लहान होतात. फाइलची प्रत करूनच करा. माझ्या मते रुंद फोटो असतील तर काहीच बदलू नये. काळा पट्टा खोलीतल्या अंधारात दिसतही नाही.

सड्यावरची · संध्याकाळी ६:१०

प्रत काढून "Maximize" करून बघितलं, हत्तीची सोंड गेली. परत पहिलीच फाइल. काळे पट्टे राहू देत.

अजून एक, "Extend" मध्ये भिंतीवर नुसता वॉलपेपर दिसत होता आणि स्लाइड लॅपटॉपवर. घाबरले होते, पण F5 दाबल्यावर स्लाइड भिंतीवर गेली आणि माझी टिपणं लॅपटॉपवर राहिली. हे तर छानच निघालं. लोकांना वाटणार बाईंना सगळं पाठ आहे.

चाकरमानी_डोंबिवली · संध्याकाळी ६:२२

ताई, तुम्ही एका दिवसात आमच्या आयटीवाल्यापेक्षा पुढे गेलात. सोमवारी ऑफिसात मीही Win+P करून बघतो, रिस्टार्ट न करता.

सड्यावरची · रविवार, रात्री १०:१५

कार्यक्रम झाला. सत्तर खुर्च्या होत्या, मागे माणसं उभी होती. एका आजोबांनी फोटो बघून सांगितलं की त्यांच्या सड्यावर असंच एक चित्र आहे, लहानपणी त्यावर गुरं बसायची. पुढच्या आठवड्यात बघायला जाणार आहोत.

एक गोष्ट मात्र झाली. मधूनमधून चित्र दोन-तीन सेकंद जायचं, निळी पाटी यायची आणि परत चित्र. तासाभरात चारदा झालं. "No Signal" असं दिसायचं, "Out of Range" नाही. शनिवारी चाचणीत एकदाही झालं नव्हतं.

जुना_सोल्डर · रात्री १०:४०

मला दोन संशय. अडॅप्टरला वीज लॅपटॉपच्या एचडीएमआयमधूनच मिळते आणि ती फार थोडी असते. तासभर चालून तो तापला की अशी उचकी लागते. तो हाताला चटका बसण्याइतका गरम होता का? काही अडॅप्टरला बाजूला छोटं यूएसबी भोक असतं, त्यातून चार्जरची वीज देता येते. दुसरा संशय केबलच्या टोकावर, कोणाचा पाय लागत असेल.

मास्तर_संगणककक्ष · रात्री १०:५२

वीज वर-खाली होत नव्हती ना? आमच्याकडे पंखे सगळे लावले की असंच होतं. शनिवारी तुम्ही दोघीच होतात, पंखे बंद असतील.

सड्यावरची · रात्री ११:०५

अडॅप्टर गरम होता, चटका बसेल इतका नाही. त्याला यूएसबीचं भोक नाही. पंखे सहाही चालू होते. पाय कोणाचा लागला नाही, केबल मीच टेपने चिकटवली होती.

जुना_सोल्डर · रात्री ११:१८

मास्तरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, पण वीज दबली असती तर प्रोजेक्टर नुसता सिग्नल हरवून थांबला नसता, दिवाही दचकला असता. माझं मत अजून अडॅप्टरवर आहे. पंखे बंद ठेवून एक तास नुसता चालू ठेवा, मग पंखे लावून एक तास. चित्र गेलं तर त्याच वेळी अडॅप्टरला हात लावून बघा.

तारकर्लीचो_बाबल्या · रात्री ११:३०

आणि तो सिनेमा काय जमात नाय ना मगे?

सड्यावरची · रात्री ११:४१

बाबल्यादादा, नाही. :) सोल्डरकाका, बुधवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा दोन तास लावून बघते आणि इथे लिहिते.